हात नेमका कुठे अडतो?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा बरीच वर्षे मुख्यतः गोळे रंगवण्याची होती. ती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या धर्तीवर वर्णनात्मक करायचे ठरले, पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २०२३च्या फेब्रुवारीत नव्या पद्धतीची अंमलबजावणी २०२५पर्यंत पुढे गेली. तेव्हापासून पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये एक जुना प्रश्न नव्याने ऐकू येतो : पेपर पूर्ण कसा करायचा? वर्षानुवर्षे पर्यायांपुढचे गोल भरलेल्या हाताला तीन तास सलग लिहायचे आहे, तेही सकाळ-दुपार आणि दिवसामागून दिवस.

केंद्रीय आयोगाच्या सामान्य अध्ययनाचा पेपर घेतला तर गणित सरळ आहे. २५० गुण, १८० मिनिटे, वीस प्रश्न. दहा प्रश्न १० गुणांचे, प्रत्येकी १५० शब्दांत. दहा प्रश्न १५ गुणांचे, प्रत्येकी २५० शब्दांत. सगळे मिळून ४,००० शब्द होतात. एक क्षणही न थांबता लिहिले, तरी मिनिटाला बावीस शब्द पडतात. हा आकडा ऐकला की घाबरगुंडी उडते, आणि घाबरलेल्या माणसाला मिळेल तो सल्ला पटतो. पेन बदल, पकड बदल, रोज चार तास लिही, बोटांचे व्यायाम कर. यातले बरेचसे सल्ले तपासून पाहिले की टिकत नाहीत.

गैरसमज : “माझा हातच हळू आहे”

असे म्हणणाऱ्या दहा जणांना नेमका वेग विचारावा. बहुतेकांनी तो कधी मोजलेलाच नसतो. शिवाय ‘लिहिण्याचा वेग’ ही एकच गोष्ट नसते. हात अक्षरे किती भरभर काढतो हे एक, डोक्यातले वाक्य किती लवकर तयार होते हे दुसरे आणि पुढचा मुद्दा कोणता हे ठरवायला किती वेळ जातो हे तिसरे. उत्तरपत्रिकेत ही तिन्ही एकत्र दिसतात, म्हणून सगळा दोष हातावर जातो.

त्यांना वेगळे करायला घड्याळ आणि तीन कागद पुरतात. पहिल्या कागदावर पाठ असलेला मजकूर लिहायचा. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला शाळेतली प्रतिज्ञा पाठ असते आणि तिचे शब्द साधारण सत्तर भरतात, त्यामुळे या कामाला ती उत्तम. समोर पुस्तक ठेवून उतरवून काढू नये, कारण डोळ्यांच्या ये-जा करण्यात वेळ जातो आणि हाताचा खरा वेग कळत नाही. दुसऱ्या कागदावर १० गुणांचे एक उत्तर, पण आधी चार-पाच मुद्दे टिपून घेऊन मगच घड्याळ लावायचे. तिसऱ्यावर तसेच एक उत्तर, पण प्रश्न वाचल्या क्षणी घड्याळ सुरू. दोन्ही उत्तरांना सात-सात मिनिटे.

समजा, एका परीक्षार्थी मुलीचे आकडे असे आले. प्रतिज्ञेचे ७२ शब्द चार मिनिटांत, म्हणजे मिनिटाला १८. मुद्दे ठरलेले उत्तर सात मिनिटांत ९८ शब्द, म्हणजे १४. कोरे उत्तर ८४ शब्द, म्हणजे १२. आता कुठे काय गळते ते उघड दिसते. अठरावरून चौदावर येताना चार शब्द वाक्य जुळवण्यात गेले आणि चौदावरून बारावर येताना आणखी दोन मुद्दे शोधण्यात. हाताची मर्यादा अठराची आहे, पण ती तिथवर पोहोचतच नाही. तिने निव्वळ शुद्धलेखनाच्या वह्या भरल्या तर अठराचे एकोणीस होतील आणि पेपरमध्ये फारसा फरक पडणार नाही. तिला मुद्दे ठरवून पूर्ण वाक्ये वेळेत लिहिण्याचा सराव हवा.

याउलट एखाद्याची प्रतिज्ञा मिनिटाला १३ आणि कोरे उत्तर १२ असेल, तर तिथे अडतो तो खरोखर हात. त्याने कितीही मुद्दे पाठ केले, तरी हात तेराच्या पुढे जाऊ देणार नाही.

चौथे माप घ्यायचे ते एका सुट्टीच्या दिवशी. सलग तासभर उत्तरे लिहावीत आणि पहिल्या उत्तराचे शब्द शेवटच्या उत्तराशी ताडून पाहावेत. चौदाने सुरुवात करून शेवटी अकरावर आले, तर हात थकतो आहे. या थकव्याचा उपाय निराळा आहे.

गैरसमज : “वेग हवा तर रोज तीन-चार तास लिहायला हवे”

ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी एक प्रयोग केला. तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. काहींना दिवसातून एकदा एक तास शिकवले, काहींना दिवसातून दोनदा दोन-दोन तास, आणि काहींना या दोहोंच्या मधले. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य कमावायला एकूण तास सर्वांत कमी लागले. कॅलेंडरवरचे दिवस मात्र जास्त लागले आणि आपल्या शिक्षणावर सर्वांत कमी समाधानी होते तेच. या प्रयोगातला हा भाग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. थोडा-थोडा सराव करणाऱ्याला आपण मागे पडतोय असे वाटत राहते, म्हणून तो मध्येच सोडून देतो.

टंकलेखन आणि हस्तलेखन एकच नव्हे. तरी दोन्हीत बोटांच्या हालचाली विचार न करता व्हाव्या लागतात आणि अशा हालचाली विखुरलेल्या सरावाने चांगल्या बसतात. लेखनात आणखी एक कारण जोडले जाते. चार तास लिहिताना तिसऱ्या तासाला हात दुखू लागतो, अक्षर बिघडते, आणि मग सराव होतो तो बिघडलेल्या अक्षराचाच.

रोज पंधरा मिनिटे पुरतात, पण ती कशी वापरायची हे ठरलेले हवे. पहिली तीन मिनिटे पाठ मजकूर, घाई न करता, पेन शक्य तितके सैल धरून. त्यानंतर मिनिटभर तोच मजकूर नेहमीपेक्षा भरभर, अक्षर थोडे सुटले तरी चालेल. लगेच पुढचे मिनिट पुन्हा सुवाच्य. त्या वेगवान मिनिटानंतरचे सुवाच्य मिनिट सुरुवातीपेक्षा किंचित जलद जाते आणि हाताला नवा वेग ओळखीचा होतो. मग सात मिनिटे एक खरे उत्तर. उरलेल्या तीन मिनिटांत शब्द मोजायचे, अडखळणाऱ्या जागांना लाल खूण करायची आणि वहीच्या मागच्या पानावर तारीख, शब्द आणि खुणा अशा तीन नोंदी करायच्या.

पहिल्या आठवड्यात प्रतिज्ञेचा वेग झपाट्याने वाढतो. त्यावर विसंबू नये. तोच मजकूर रोज लिहून तो हाताला पाठ होतो, एवढाच त्याचा अर्थ. प्रगती मोजायची ती सात मिनिटांच्या उत्तरावर, कारण तिथला प्रश्न रोज नवा असतो. तेही एका दिवसाचा आकडा न धरता सहा दिवसांची सरासरी काढून. सोपा प्रश्न आला की शब्द आपोआप वाढतात.

पंधरा मिनिटांच्या सरावाची एक मर्यादाही आहे. त्यातून हालचाल सुधारते, दम वाढत नाही. तीन तास लिहिण्याचा दम तीन तास लिहूनच येतो. म्हणून आठवड्यातून एकदा तासभर आणि परीक्षेआधीच्या दीड-दोन महिन्यांत काही पूर्ण पेपर, हे या सरावाला जोडावेच लागते.

गैरसमज : “पकड चुकीची आहे, म्हणून वेग नाही”

अंगठा आणि तर्जनीत पेन, मधले बोट खाली आधाराला, ही पकड शाळेत बरोबर मानली जाते. पेन चार बोटांत धरणाऱ्या किंवा अंगठा तर्जनीवरून आडवा टाकणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षे टोकले जाते. टोरांटोतल्या हायडी श्वेलनस आणि सहकाऱ्यांनी चौथीतल्या १२० मुलांच्या पकडी आणि लेखन तपासले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चार प्रचलित पकडींमध्ये वेग किंवा सुवाच्यता यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पाहणी मुलांची होती हे खरे, पण पंचविसाव्या वर्षी मुख्य परीक्षेच्या तोंडावर पकड बदलायला सांगणाऱ्याकडे त्याहून भक्कम पुरावा असायला हवा. वीस वर्षांची सवय मोडताना वेग आधी घटतो, आणि तो परत यायला किती महिने लागतील ते सांगता येत नाही.

खरा त्रास असतो तो दाबाचा. लिहून झालेल्या पानाखालचे दुसरे, तिसरे, चौथे पान उजेडात तिरके धरून पाहावे. तिसऱ्या पानावरही अक्षरे वाचता येतील इतके वळ उठले असतील, तर हाताची निम्मी ताकद कागद दाबण्यात जाते आहे. तर्जनीचे टोक पांढरे पडणे ही दुसरी खूण. अशा हाताला तासाभराने थकवा येणारच, पकड कोणतीही असो.

यात पेनाचाही वाटा असतो. साध्या बॉलपेनमधली शाई घट्ट असते, ती उतरायला दाब द्यावा लागतो. जेल पेनची शाई पातळ असल्याने हलक्या हाताने वाहते, मात्र सुकायला वेळ घेते आणि घामट तळव्याखाली फरफटते. दाबून लिहिणाऱ्याने आठवडाभर जेल पेनने सराव करून खालच्या पानावरचे वळ पुन्हा पाहावेत. वळ दुसऱ्या पानापर्यंतच आले, तर दाब कमी झाला. शाई फरफटत असेल तर पातळ शाईचे बॉलपेनही मिळतात. महागडे पेन घेतल्याने मात्र काही होत नाही.

रबरी चेंडू दाबणे, बोटांच्या कसरती करणे या सल्ल्याचेही थोडक्यात. तान्या सांटांजेलो आणि स्टीव्ह ग्रॅहॅम यांनी २०१६ मध्ये शालेय मुलांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रत्यक्ष लेखन शिकवल्याने वेग आणि सुवाच्यता दोन्ही सुधारतात, नुसत्या स्नायूंच्या व्यायामाने हस्ताक्षर सुधारत नाही, असे त्यातून निघाले. चेंडू दाबायची ती पाच मिनिटे लिहिण्यालाच दिलेली बरी.

गैरसमज : “भरभर लिहायचे तर अक्षर बिघडणारच”

केंद्रीय आयोगाच्या परीक्षेच्या अधिसूचनेत एक अट असते : हस्ताक्षर सहज वाचता येत नसेल, तर मिळालेल्या एकूण गुणांतून त्यापोटी कपात होईल. पण अट नसती तरी फरक पडतोच. तोच मजकूर सुवाच्य आणि दुर्वाच्य अशा दोन अक्षरांत लिहून तपासायला दिला, की दुर्वाच्य प्रतीला कमी गुण पडतात, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. ग्रॅहॅम, हॅरिस आणि हेबर्ट यांनी २०११ मध्ये असे प्रयोग एकत्र करून तेच दाखवले. अक्षर सुंदर असण्याची गरज नाही. तपासनीस अडखळता कामा नये.

देवनागरीत हे अडखळणे काही ठरावीक जागीच होते. भरभर लिहिताना शिरोरेषेतली खिंड बुजली की ‘भ’चा ‘म’ होतो आणि ‘ध’चा ‘घ’. ‘ख’चे दोन भाग खाली जोडले गेले नाहीत, तर ‘खाना’चा ‘रवाना’ होतो. ‘थ’ची गाठ राहिली की ‘य’ उरतो. ‘भाग’चे ‘माग’ वाचणारा तपासनीस संदर्भाने शब्द सावरून घेतो, पण तेवढ्यासाठी त्याला मागे यावे लागते. वीस उत्तरांत हे चाळीस वेळा झाले, तर त्याचा कंटाळा गुणांत उतरतो.

म्हणून सगळे अक्षर ‘सुधारायला’ घेऊ नये. सरावातले एखादे जुने पान दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्यावे. तो जिथे थबकेल तिथे लाल टिंब. स्वतः वाचून उपयोग नाही, कारण आपण काय लिहिले ते आपल्याला ठाऊक असते. शंभर शब्दांत दोनपेक्षा जास्त टिंबे पडली, तर त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही. बहुधा सगळी टिंबे तीन-चार अक्षरांवरच जमतात. तेवढीच अक्षरे पकडून रोजच्या पहिल्या तीन मिनिटांत त्यांचे शब्द लिहायचे. एकाच माणसाच्या पानावर टिंबांची जागा सहसा ठरलेली असते, आणि ती समजली की काम एकदम लहान होते.

वेगाची गोष्ट दडली आहे ती शिरोरेषेत. ‘महाराष्ट्रातील’ हा शब्द घ्या. म, हा, रा, ष्ट्रा, ती, ल. शाळेत शिकवल्याप्रमाणे प्रत्येक अक्षर पुरे करून त्यावर लगेच रेघ मारणारा हात सहा वेळा उचलून सहा छोट्या रेघा ओढतो. शब्दाची सगळी अक्षरे लिहून मग एकच रेघ ओढणाऱ्याला ते एकदा करावे लागते. दीडशे शब्दांच्या उत्तरात हा फरक शेकडो उचलींचा होतो. पेन हवेत असतानाचा वेळ कागदावर दिसत नाही, पण घड्याळात तो धरला जातो.

मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनी हे कधीच ओळखले होते. ते आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरे टांगत जात. बोरू शक्य तितका कमी उचलावा अशीच मोडीची वळणे घडलेली होती. ग्रंथांसाठी बाळबोध आणि दफ्तरासाठी मोडी ही विभागणी शतकानुशतके टिकली, त्याचे एक मोठे कारण वेग हे होते. आजच्या परीक्षार्थीला मोडी लिहायची नाही, पण शब्दागणिक एक रेघ एवढे त्यातून घेता येते.

काही जण त्यापुढे जाऊन शिरोरेषा पूर्ण गाळतात. वेग वाढतो, हे खरे. पण ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांना वेगळे ठेवणारी खिंडच मग नाहीशी होते आणि शब्दांमधली अंतरे नीट राखली नाहीत, तर दोन शब्द एकमेकांत मिसळतात. शिरोरेषा गाळायचीच असेल, तर या जोड्यांची वळणे आणि शब्दांतले अंतर आधी पक्के करून लाल टिंबांची चाचणी पुन्हा घ्यावी. टिंबे वाढली, तर रेघ परत आणावी.

गैरसमज : “४,००० शब्द लिहिलेच पाहिजेत”

शब्दमर्यादा ही वरची हद्द असते. पुन्हा त्या मुलीच्या आकड्यांकडे वळू. १० गुणांच्या प्रश्नाला सात मिनिटे, १५ गुणांच्या प्रश्नाला अकरा, अशी वाटणी केली की बरोबर १८० मिनिटे होतात. त्यांतले एक आणि दोन मिनिटे विचाराला सोडली, तर हातात सहा आणि नऊ मिनिटे उरतात. मिनिटाला १४ शब्दांनी ती लहान उत्तरात ८४ आणि मोठ्यात १२६ लिहील; सगळ्या पेपरात २,१००. तिचा वेग १८ झाला, तर हेच आकडे १०८, १६२ आणि २,७०० होतात. चार शब्दांच्या फरकाने सहाशे शब्द पदरात पडतात, आणि १०८ शब्दांच्या लहान उत्तराच्या मापाने ती साधारण साडेपाच उत्तरे झाली. तरीही ती ४,०००च्या जवळपास पोहोचत नाही, पण विसाच्या वीस प्रश्नांना हात लागतो. शेवटचे तीन प्रश्न कोरे सोडण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

इथे मराठीची एक बाजूही लक्षात घ्यावी. इंग्रजीत तीन-चार सुटे शब्द घेणारा आशय मराठीत एकाच शब्दात मावतो. ‘जिल्हाधिकाऱ्यांकडून’ हा एकच शब्द मोजला जातो, पण लिहायला तो लांबच लांब. म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे मिनिटाला इतके शब्द हे आकडे मराठीत उत्तरे लिहिणाऱ्याने स्वतःला लावून निराश होऊ नये. तुलना करायची ती आपल्याच मागच्या महिन्याच्या पानाशी.

चौदाचे अठरा प्रत्येकाचे होतीलच असे नाही. ज्याचा हात आधीच वीसवर आहे आणि अडचण मुद्द्यांची आहे, त्याने लेखन-सरावाऐवजी आराखडे करायला वेळ द्यावा. दीड मिनिटात प्रश्नाचे पाच मुद्दे, असे रोज सहा प्रश्न. सगळे लिहून काढायची गरज नाही.

जिथे सराव थांबवायचा असतो

सरावाने हात दुखणे आणि हात बिघडणे यांत फरक आहे. तासभर लिहिल्यावर अंगठ्याच्या मुळाशी जडपणा आला आणि रात्रभरात गेला, तर तो साधा थकवा. पण रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, बोटे बधिर होत असतील किंवा पेन धरताच बोटे आपोआप आखडत असतील, तर सराव वाढवून ते बरे होत नाही, उलट चिघळू शकते. लिहितानाच बोटे वळणारा ‘लेखकाचा पेटका’ हा मज्जासंस्थेचा विकार आहे. तिथे डॉक्टरच गाठायला हवेत, आणि तेही परीक्षेच्या बरेच आधी, कारण लेखनिक किंवा तासाला वीस मिनिटांची भरपाईची वेळ नियमात बसत असेल, तर त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे मिळवायला वेळ लागतो.

परीक्षेला तीन आठवडे उरले, की नवे काही सुरू करू नये. शिरोरेषेची पद्धत, पेन, पानावरची मांडणी जी असेल तीच ठेवावी, रोजची पंधरा मिनिटे चालू ठेवावीत, आणि पेपरला न्यायची दोन पेने आदल्या पूर्ण पेपरात वापरून पाहिलेली असावीत. कोऱ्या पेनाची शाई पहिल्या काही ओळी तुटक उतरते, ते त्या दिवशी कळून उपयोग नाही.